झुकलेली मोटरसायकल आणि चाकांचा पीळ

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे बाइकवाल्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. गाडी वेगात असली की फिरणारी चाकंच तिला धरून ठेवतात, पडू देत नाहीत. ‘जायरोस्कोपिक इफेक्ट आहे रे, काही होत नाही,’ असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. यातला जायरोस्कोपिक इफेक्ट खरा आहे. पण वळणावर तो नेमका काय करतो, हे पाहिलं तर त्या मित्राचं म्हणणं जवळजवळ उलटं पडतं.

आज रेडिओवर मला आकृती काढून दाखवता येणार नाही, म्हणून तुम्हीच एक करून पाहा. सायकलचं पुढचं चाक काढा. अ‍ॅक्सलची दोन टोकं दोन हातांत धरा, हात पुढे ताठ करा आणि कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांगा. चाकाची वरची बाजू तुमच्यापासून लांब जायला हवी, म्हणजे सायकल पुढे जाताना फिरते तशी. आता चाक झटकन उजवीकडे कलतं करा, म्हणजे उजवा हात खाली, डावा वर. तुम्ही फक्त कलतं केलंत, पण चाक आपणहून उजवीकडे वळायला बघेल. डावं मनगट पुढे ओढलं जाईल, उजवं मागे ढकललं जाईल. मग दुसरा प्रयोग. चाक उभंच ठेवा आणि हँडल वळवावं तसं उजवीकडे वळवा. आता ते डावीकडे कलायला बघेल. फिरत्या चाकाची हीच खोड आहे: एका दिशेला ढकललं की ते काटकोनातल्या दुसऱ्याच दिशेला पीळ देतं. या पिळाला म्हणायचं जायरोस्कोपिक कपल.

म्हणजे मोटरसायकलवर हे कपल दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळी कामं करतं. एक, गाडी झुकून ठरलेल्या वळणावर स्थिर चालली असताना. दुसरं, गाडी सरळ असताना ती झुकत जाते त्या सेकंद-दीड सेकंदात. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत बहुतेक पहिलंच विचारतात. रस्त्यावर जाणवतं ते दुसरं.

आधी पहिलं बघू. गोरेगावहून आरे कॉलनीतून पवईकडे जाताना झाडीत वळणांमागून वळणं लागतात. त्यातलं एखादं उजवं वळण 15 मीटर त्रिज्येचं आहे असं धरू. गाडी साधी दीडशे सीसीची, चालवणाऱ्यासकट 220 किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर, चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर, वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. टायर-रिमसकट एका चाकाचं जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरतं चाक आपली फिरकी बदलायला किती विरोध करतं त्याचं माप, अर्धा किलो-मीटर-वर्ग धरू. साध्या गाडीला ते साधारण तेवढंच असतं.

अशा वळणावर गाडीला बाहेर उलटवू पाहणारा केंद्रोत्सारी बलाचा पीळ येतो सुमारे 720 न्यूटन-मीटर. गाडी उजवीकडे वळते आहे, म्हणून चाकं डावीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला कलायला बघतात. तुमच्या दुसऱ्या प्रयोगात झालं तेच. त्या पिळाचा आकडा काढला तर दोन्ही चाकांचा मिळून 18 न्यूटन-मीटर येतो. इंजिनाचा क्रँकही चाकाच्या दांड्यासारखा आडवाच बसवलेला असतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत चाकांच्याच दिशेने फिरतो. त्याचे आणखी दोनेक. एकूण 20. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दोन किलोची पिशवी अडकवली, तर दांड्याच्या मुळाशी एवढा पीळ बसेल.

720 कुठे आणि 20 कुठे! पण लक्षात घ्या, हे 20 न्यूटन-मीटर गाडीला धरून ठेवत नाहीत, केंद्रोत्सारी बलाच्या बाजूने जाऊन मिळतात. त्यामुळे गाडी उलट थोडी जास्त झुकवावी लागते. किती जास्त? चाकं फिरतच नाहीत असं मानून हिशेब केला तर कोन येतो 34.2 अंश. चाकं आणि क्रँक धरले तर 34.9. एक अंशही फरक नाही.

आणि एक गंमत. वेग वाढवा, वळण तीव्र करा, दोन्ही पीळ एकाच प्रमाणात वाढतात. वेग दुप्पट झाला की तोही चौपट, हाही चौपट. त्यामुळे जायरोस्कोपिक कपल केंद्रोत्सारी पिळाच्या तीनेक टक्केच राहतं, मग तुम्ही आरेत असा नाही तर एखाद्या घाटात. ते बदलायचं तर चाकं जड करावी लागतील नाही तर गाडी हलकी. त्यापेक्षा टायरची रुंदी जास्त खाते. 100 मिलिमीटर रुंदीचा गोल पाठीचा टायर झुकला की जमिनीला टेकणारी जागा मधोमध न राहता आतल्या बाजूला सरकते. तेवढ्यासाठी याच वळणावर आणखी सुमारे 3 अंश झुकावं लागतं. म्हणून जाड टायर बसवून घेतल्यावर ‘गाडी वळत नाही’ अशी जी तक्रार येते, तिचं बरंचसं मूळ इथे असतं. दोष मात्र जातो जायरोच्या नावावर.

घसरण्याशी तर या कपलचा संबंधच नाही. हे वळण 36 च्या वेगाने घ्यायचं तर टायर आणि रस्ता यांच्यात 0.68 इतका घर्षणांक लागतो. कोरड्या डांबरावर तो मिळतो. जुलैत, ओल्या रस्त्यावर चिखल आणि सडलेला पाला पसरलेला असताना नाही मिळत. तोच वेग 28 वर आणला तर 0.41 पुरतो. चाकं किती का जोरात फिरेनात, त्यांच्याकडून पकड मिळत नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. मला स्वतःला यातच जास्त रस आहे.

गाडी सरळ आहे आणि तुम्ही एका सेकंदात ती उजवीकडे 35 अंश झुकवता. तुमच्या पहिल्या प्रयोगाप्रमाणे दोन्ही चाकं उजवीकडे वळायला बघतात. या वेगाला प्रत्येक चाकाचा पीळ येतो 10 न्यूटन-मीटर. पुढच्या चाकाला वळायला मोकळीक आहे, कारण ते कोन सेटवर, म्हणजे स्टिअरिंग ज्यावर फिरतं त्या बेरिंगच्या जोडीवर बसलेलं आहे. म्हणून झुकताना हँडल आपणहून वळणात जातं. हा पीळ हातांना जाणवतो. साधारण 70 सेंटिमीटर रुंद हँडलवर एका मुठीला दीडेक किलोचा रेटा आणि दुसरीला तेवढीच ओढ. वेग दुप्पट करून गाडी तितक्याच चपळाईने झुकवायला गेलात तर हे दुप्पट होतं. हायवेवर गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकताना ‘जड’ लागते, ती याचमुळे. जड रिम किंवा जड टायर घालून चाकाचं जडत्व वीस टक्क्यांनी वाढवलंत, तर स्थिर वळणातल्या कोनात अंशाच्या सातव्या भागाएवढा फरक पडेल, कुणाला कळणारही नाही. हातांना मात्र वीस टक्के जास्त रेटा लगेच कळतो. शर्यतीतल्या गाड्या बनवणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. मोटो जीपीच्या काही गाड्यांत क्रँक मुद्दाम उलटा फिरवतात, म्हणजे चाकांच्या पिळातून क्रँकचा पीळ वजा होतो.

इथे एक सांगून ठेवतो, चाकांचा हा पीळ नसला तरी दुचाकी चालवता येते. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सायकलला उलट फिरणारं जादा चाक लावून पुढच्या चाकाचा पीळ मारून टाकला होता. त्याचा लेख 1970 मध्ये आला. सायकल तरीही चालवता येत होती. फोर्कचा तिरपेपणा आणि टायर हेही हँडल वळवत असतात.

मागच्या चाकाचं काय? त्यालाही तोच 10 न्यूटन-मीटरचा पीळ, पण त्याला वळायला वावच नाही. ते चिमट्यात, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी धरून चासीला जोडणाऱ्या दुहेरी दांड्यात अडकलेलं. मग पीळ बेरिंगमधून अ‍ॅक्सलला, अ‍ॅक्सलवरून चिमट्याला आणि चिमटा चासीला ज्यांवर वरखाली हलतो त्या बुशमधून चासीला जातो. दोन बुशांत वीस सेंटिमीटर अंतर असेल तर एकेका बुशवर पाचेक किलोचा रेटा, एकावर पुढे तर दुसऱ्यावर मागे. चासी वाकवायला हे काहीच नाही. चासीला खरा ताण देतं ते वेगळंच. झुकलेल्या गाडीवर वजन आणि केंद्रोत्सारी बल मिळून जवळजवळ चाकाच्याच पातळीत येतात, आणि या वळणावर शॉकअपला वाटतं की गाडी 21 टक्के जड झाली आहे. ते सोसायची ताकद चासीत असतेच.

पण बुश झिजलेले असतील तर पाच किलोही खूप झाले. दोन बुशांत मिळून मिलिमीटरभर ढिलेपणा असला तर मागचं चाक अंशाच्या तिसऱ्या भागाएवढं आपल्या मर्जीने वळतं. एवढ्याशा कोनाने काय होतं, असं वाटेल. पण वळणात टायर बाजूचं बल देतो तोच मुळात अंशा-दोन अंशांनी तिरका चालून. त्यात हा ढिलेपणा मिसळला की गाडी झुकवताना मागून एक हलकी शेपूट हलल्यासारखी वाटते, झुकून झाल्यावर थांबते, आणि सरळ होताना परत येते. फक्त झुकताना आणि उठतानाच जाणवत असेल तर टायरच्या हवेनंतर संशय चिमट्यावर घ्या. वळणभर सतत वाटत असेल तर आधी टायर बघा.

तपासायला डबल स्टँड पुरतो. मागच्या चाकाची वरची आणि खालची कड धरून डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या कुणाला चिमटा जिथे चासीला मिळतो त्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. चाक हलतंय पण बोटाला काही लागत नाही, तर बेरिंग गेलं. बोटाखाली टकटक लागली, तर बुश.

पुढे कोन सेटचं नेमकं उलटं आहे. तिथे ढिलेपणा वाईटच, पण जास्त आवळणं त्याहून फसवं. मेकॅनिक खडखड जावी म्हणून नट पिळतो, खडखड जाते आणि गाडी हळू वेगात लडबडायला लागते. कारण पुढच्या चाकाला झुकण्याबरोबर वळायचं असतं आणि आवळलेला कोन सेट ते वळू देत नाही. मग प्रत्येक वेळी तुम्ही हँडल ढकलता, ते अडकून सुटतं, जास्त वळतं, तुम्ही परत ओढता. काम झाल्यावर गॅरेजातच पुढचं चाक उचलून धरायला सांगा. हँडल मधोमध ठेवा आणि बोटाने हलकेच टोचा. ते कुठेही न अडखळता आपल्या वजनाने एका बाजूला जाऊन पडलं पाहिजे, आणि दुसरीकडे टोचलं तर दुसऱ्या बाजूला. मध्येच खाचेत बसल्यासारखं थांबलं तर कोन सेटच्या वाट्यांना खळगे पडलेत. त्या आवळून सुधारत नाहीत, बदलाव्याच लागतात.

नमस्कार.