कोलंबी रबर का होते?

नमस्कार मंडळी! आज कोलंबीबद्दल बोलूया, कारण परवा आमच्याकडे कालवण केलं आणि पाहुणे बिचारे चावत बसले, चावतच बसले. चूक माझीच होती. मी बटाट्याच्या फोडी आणि कोलंबी एकदमच रश्शात टाकली, बटाटा काही शिजेना म्हणून उकळत ठेवलं, आणि बटाटा मऊ होईपर्यंत कोलंबीचं रबर झालं.

असं का होतं? उष्णता लागली की कोलंबीचं मांस आवळायला लागतं, थोडं आवळलं की छान लागतं, पण तसंच उकळत ठेवलं तर आतलं पाणी पिळून बाहेर पडतं आणि मागे राहतो तो चिवट गोळा. मग तो कितीही शिजवा, मऊ व्हायचं नाव नाही.

आधी साफ कशी करायची ते सांगते. डोकं पिरगळून ओढायचं, मग पायांच्या बाजूने अंगठा घालून साल सोलायची. आता पाठीवर सुरीने उथळ चीर द्या, काळसर दोरा दिसेल, तो टोकाने उचलून हळूच ओढायचा. तो म्हणजे कोलंबीचं आतडं, त्यात वाळू असली की दाताखाली कचकच येते. कधीकधी दोरा दिसतच नाही, आतडं रिकामं असतं, तेव्हा उगाच मांस कोरत बसू नका. चीर खोल गेली तर कोलंबी शिजताना उघडून पसरते. आणि हो, डोकी टाकू नका हं! सालींसकट थोड्या तेलात परतून, दोन कप पाणी घालून दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या, कालवणाची खरी चव तिथेच आहे.

आता अर्धा किलो मध्यम कोलंबी घ्या. साफ करून धुतल्यावर पाणी नीट निथळू द्या, मग हळद-मीठ लावा. कांदा, वाटण, मसाला परतून घ्या, त्यात ते गाळलेलं पाणी आणि बटाटा घाला, आणि बटाटा पूर्ण शिजू द्या. कोकम त्यानंतरच, कारण आंबट आधी पडलं की बटाटा लवकर शिजत नाही (माझं तेही चुकलं होतं!). रस्सा खळखळला की कोलंबी सोडायची, आणि आता मात्र फोन घ्यायला जायचं नाही. दोन-तीन मिनिटांत राखाडी, काचेसारखं दिसणारं मांस पांढरं-गुलाबी होतं आणि कोलंबी चंद्रकोरीसारखी वाकते. तिथेच गॅस बंद. घट्ट वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला समजा. शंका असेल तर सगळ्यात जाडी एक काढून मधोमध कापा, आत काचेसारखा पट्टा राहिला असेल तर झाकण ठेवून मिनिटभर थांबा, रश्शाच्या गरमीनेच ती होते. आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं कालवण गरम करताना कोलंबी बाजूला काढा, नुसता रस्सा उकळा आणि मग ती परत आत सोडा.