तुमचा जुना नंबर, नव्या माणसाच्या हातात

(दृश्य : बार्शीतली पिठाची गिरणी. पेंटर शटरवर नंबर रंगवतोय. शेवटचे चार आकडे धूसर.)

निवेदन :
गिरणी नवी आहे, शटर नवं आहे आणि नंबरही नवाच घेतलाय. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा असावा, म्हणून गिरणीवाल्या दादांनी बाजारातल्या दुकानातून सिम घेतलं. आधार दाखवलं, दुकानदाराने फोटो काढला, संध्याकाळपर्यंत नंबर चालू झाला. पेंटरने एकेक आकडा पिवळ्या रंगात ओढला.

दळणाचं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी या नंबरवर भलत्याच माणसासाठी निरोप यायला लागले. शाळेच्या फीची आठवण आली, गॅस सिलेंडर निघाल्याचा मेसेज आला आणि मग एका बँकेचा. खात्यात पैसे जमा झाले, शिल्लक इतकी इतकी.

(दृश्य : दादांच्या हातातला फोन. मेसेज खालून वर सरकताहेत. नावं आणि रकमा झाकलेल्या.)

दादांचं त्या बँकेत खातंच नाही. ते शाखेत सांगायला गेले, तेव्हा उत्तर मिळालं की ज्याचं खातं आहे त्यालाच अर्ज करावा लागेल. तो कोण, हे दादांना ठाऊक नाही आणि बँक सांगणार नाही. मेसेज अजून येताहेत.

(दृश्य : मोबाइलचं दुकान. काचेच्या कपाटात सिमची पाकिटं. दुकानदार एक सिम कार्डातून मोडून काढतो.)

निवेदन :
हे नखाएवढं सिम बघा. तुमचा दहा आकडी नंबर यात असतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर सिमची ओळख वेगळी असते. त्यात पंधरा आकड्यांपर्यंतचा एक स्वतंत्र क्रमांक असतो, जो आपल्याला कधी दिसतही नाही. दहा आकडी नंबर असतो कंपनीच्या नोंदवहीत. त्या नोंदवहीत एवढंच लिहिलेलं असतं की अमुक नंबरावर फोन आला तर तो तमुक सिमकडे पाठवा. सिम हरवलं तरी नवं सिम घेऊन जुना नंबर परत मिळतो, तो याचमुळे. नोंदीत फक्त सिम बदलतं.

आणि नंबर दुसऱ्या माणसाला द्यायचा असतो तेव्हाही नेमकं हेच होतं. एका ओळीतलं सिम बदलतं.

नंबर आपला, आपण पैसे भरून घेतलाय, असं आपण म्हणतो. पण नंबर विकत मिळत नाही, वापरायला मिळतो. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. त्यानंतर सलग ९० दिवस त्यावर ना फोन, ना मेसेज, ना इंटरनेट, आणि शिल्लकही वीस रुपयांच्या खाली, असं झालं की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झाल्यावरही तो लगेच कुणाला देता येत नाही. आणखी किमान ९० दिवस तो तसाच ठेवावा लागतो. दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं. त्यानंतर नंबर पुन्हा दुकानात.

म्हणजे कपाटात विसरलेलं सिम साधारण सहा महिन्यांत परक्याचं होऊ शकतं. गावी परतलेले कामगार, परदेशी गेलेली मुलं, वारलेल्या वडिलांचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवणारी घरं, या सगळ्यांच्या बाबतीत हे घडतं, आणि घडल्याचं त्यांना कुणी कळवत नाही.

(दृश्य : दुकानदार संगणकावर उपलब्ध नंबरांची यादी दाखवतो.)

दुकानदार सांगतात, गिऱ्हाईक हमखास विचारतं, नंबर कोरा आहे ना? त्यांच्याकडे त्याचं उत्तर नसतं. यादीत नंबर दिसतो, त्याचा इतिहास दिसत नाही.

कंपनीने आपल्या नोंदवहीत एक ओळ बदलली. पण हाच नंबर बँकेच्या वहीत लिहिलेला आहे, आधारमध्ये आहे, गॅस एजन्सीत, शाळेत, पीएफमध्ये, ईमेलच्या सेटिंगमध्ये आहे. त्या वह्या तशाच राहतात. तिथे जुन्या माणसाचं नाव आणि नव्या माणसाकडे वाजणारा फोन, अशी जोडी बसते.

(दृश्य : टेबलावर दोन फोन. आमची सहकारी एका फोनमधून सिम काढून दुसऱ्यात घालते.)

निवेदन :
याचा अर्थ नेमका काय, ते आम्ही करून पाहिलं. नंबर आमच्याच सहकारी मैत्रिणीचा, खातंही तिचंच. फक्त फोन परका. नव्या माणसाला काय दिसेल, ते या पडद्यावर दिसतंय.

यूपीआयचं ॲप उघडलं. ॲपने विचारलं, कोणतं सिम? सिम निवडल्याबरोबर फोनमधून एक मेसेज आपोआप बाहेर गेला. हा मेसेज म्हणजे पडताळणी, नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे ना याची. तो आहेच, त्यामुळे पडताळणी पार पडली. मग बँक निवडली. बँकेने आपल्या वहीत पाहिलं, या नंबरावर कोणाचं खातं आहे, आणि पडद्यावर खातं उमटलं. खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे समोर आले.

इथवर एकही पासवर्ड विचारला गेलेला नाही.

पैसे मात्र अजून हलत नाहीत. शिल्लक बघायची तरी यूपीआय पिन लागतो आणि जुना पिन नव्या माणसाला माहीत नसतो. नवा पिन करायचे नेहमीचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते, शिवाय ओटीपी. कार्ड जुन्या मालकाच्या पाकिटात आहे, म्हणून हा रस्ता बऱ्यापैकी बंद. दुसरा रस्ता आधारचा. आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे टाकायचे आणि ओटीपी भरायचे. आधारला जोडलेला नंबरही जुनाच राहिला असेल, तर तो ओटीपी याच फोनवर येतो.

(दृश्य : झेरॉक्सच्या दुकानाचा गल्ला. टेबलाखालच्या खोक्यात वाया गेलेल्या प्रती.)

मग मध्ये उरतात फक्त सहा आकडे. लॉजला खोली घेताना, भाड्याचं घर बघताना, सिम घेताना आपण ज्याच्या प्रती देत आलो, त्या कागदावरचे सहा आकडे. बहुतेक नवे मालक गिरणीवाल्या दादांसारखे सरळ असतात. पण कुलूप कुणाच्या सरळपणावर बेतलेलं नसावं.

ज्यांना फसवायचंय ते ईमेलपासूनही सुरुवात करू शकतात. पासवर्ड विसरलो म्हणायचं आणि कोड नंबरावर मागवायचा.

(दृश्य : फोनवर व्हॉट्सॲप सुरू होतंय. सहा आकडी कोड येतो. गटांची यादी उमटते.)

निवेदन :
व्हॉट्सॲपवर वेगळंच घडतं. सहा आकड्यांचा कोड भरला की खातं नव्या फोनवर येतं. जुन्या गप्पा येत नाहीत, कारण त्या जुन्या फोनमध्ये किंवा त्या माणसाच्या बॅकअपमध्ये असतात. पण जुन्या मालकाचं खातं अजून चालू असेल तर त्याचे गट येऊ शकतात, आणि इथून पुढे त्याच्या नावाने आलेला प्रत्येक मेसेज इथे येतो.

व्हॉट्सॲप कंपनीने न्यायालयात सांगितलं होतं की खातं ४५ दिवस वापराविना राहिलं आणि मग तो नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. अडचण आहे ती आपल्या एका सवयीत. पुष्कळ जण जुनं सिम सोडून देतात, पण व्हॉट्सॲप वायफायवर त्याच जुन्या नंबराने चालवत राहतात. मग खातं रोज वापरात आहे असंच दिसतं आणि ४५ दिवसांचा नियम लागूच होत नाही. नवा माणूस कोड भरतो आणि जुना माणूस त्या क्षणी बाहेर फेकला जातो.

क्रिकेटपटू रजत पाटीदारचा नंबर असाच २०२५ साली छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातल्या एका तरुणाला मिळाला. व्हॉट्सॲप सुरू केलं तर पाटीदारचा फोटो, आणि फोनवर मोठमोठे क्रिकेटपटू. तरुणाला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. शेवटी पोलीस आले आणि नंबर परत गेला. आपल्यासाठी पोलीस येणार नाहीत.

(दृश्य : बँकेची शाखा, बाहेरून. रांग. फलक.)

निवेदन :
२०२३च्या त्या खटल्यात न्यायालयाने जुन्या ग्राहकावर जबाबदारी टाकली. आपली माहिती जपण्याची पावलं त्यानेच उचलायची. पण सिम बंद पडल्याचं ज्याला कळलंच नाही, तो पावलं कधी उचलणार?

आणि बँकांना कळायची सोय आहे. कायमचे बंद झालेले नंबर एका यादीत जातात, तिला मोबाइल नंबर रिव्होकेशन लिस्ट म्हणतात. बँकेने ती यादी आपल्या ग्राहकांच्या यादीशेजारी ठेवायची, जुळलेल्या नंबरांवर ओटीपी थांबवायचा आणि त्या ग्राहकाला दुसऱ्या मार्गाने, पत्राने किंवा ईमेलने, विचारायचं. एवढंच काम. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात ही यादी वापरून ग्राहकांच्या नोंदी साफ करायला सांगितलं आणि ३१ मार्चची मुदत दिली. १ एप्रिल २०२५ पासून यूपीआयच्या नोंदीही आठवड्यातून किमान एकदा तपासायच्या आहेत. नंबर बंद झाल्यावरचे ते ९० दिवस याच कामासाठी पुरेसे आहेत. आठवड्याला एकदा यादी पाहिली, तरी बारा वेळा संधी मिळते. संधी असूनही दादांच्या फोनवर दुसऱ्याच्या खात्याची शिल्लक येतेय.

(दृश्य : आधार सेवा केंद्र. बोटांचे ठसे घेतले जाताहेत.)

निवेदन :
नंबर सोडणार असाल तर सिम चालू असतानाच तो सगळीकडे बदलून घ्या. बऱ्याच ठिकाणी नंबर ऑनलाइन बदलायला गेलात की ओटीपी जुन्या नंबरावरच जातो, आणि तो तेव्हा हातात असावा लागतो. आधी बँक, मग आधार, मग ईमेल. व्हॉट्सॲपमध्ये ‘नंबर बदला’ हा पर्याय आहे. त्याने खातं गटांसकट नव्या नंबरावर जातं. बाकीचं त्यानंतर.

नंबर आधीच गेला असेल तर ऑनलाइन रस्ते विसरा. बँकेच्या शाखेत ओळखपत्र घेऊन जा आणि नंबर बदलायचा अर्ज भरून पोच घ्या. आधारसाठी केंद्रावर जा. तिथे बोटांचे ठसे चालतात, जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटाच्या ॲडमिनला सांगून जुना नंबर काढून घ्या. आणि ज्यांच्याकडून तुमच्या खात्यात यूपीआयने पैसे येतात, त्यांना नवा नंबर द्या. पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते वाचायलाही सांगा, कारण जुना नंबर टाकल्यावर तिथे आता दुसऱ्याच कुणाचं नाव येऊ शकतं.