फलाटावरून स्वयंपाकघरात

[दृश्य: ठाणे, नौपाडा. रात्रीची गल्ली. एका खिडकीत दिवा.]

निवेदन:
रात्रीचे साडेअकरा वाजलेत. या घरातला पंखा बंद आहे, फ्रीजही बंद आहे आणि भिंतींवर गोधड्या टांगल्यात. खालची वर्दळ ओसरली की इथं एका श्रुतिकेचं ध्वनिमुद्रण सुरू होतं.

आजचा प्रवेश ठाणे स्टेशनच्या फलाटावरचा आहे. गावचं घर विकायचं की नाही, यावरून आजोबा आणि नात यांच्यात वाद पेटलाय. पुढचा प्रवेश घरात, आजीच्या स्वयंपाकघरात. संहितेत या दोन्हींच्या मध्ये एकच शब्द आहे: ‘दृश्यबदल’.

[दृश्य: मायक्रोफोनसमोर दोन कलाकार. हातात संहितेची पानं.]

निवेदन:
पहिली अडचण आवाजाची. फलाटाची गर्दी नंतर मिसळायची आहे, आत्ता खोलीत पूर्ण शांतता आहे. अशा शांततेत माणूस आपोआप हळू बोलतो. मग मिश्रणात गाडी आली की आजोबा तिच्याखाली दबून जातात. त्यांचा आवाज नुसता मोठा केला तरी ते फलाटावर उभे आहेत असं वाटत नाही, कारण हळू बोललेलं वाक्य कितीही वाढवलं तरी हळू बोललेलंच राहतं. ओरडून बोलताना स्वर चढतो, शब्द ताणले जातात, श्वास तुटतो. हे बदल गळ्यातच व्हावे लागतात.

म्हणून दिग्दर्शिका कलाकारांच्या हेडफोनमध्ये फलाटाचा गोंगाट सोडते. कान झाकणारे हेडफोन, म्हणजे तो गोंगाट मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. एक कान मात्र मोकळा, समोरच्याचं ऐकायला. आता आजोबांचं ‘सही करणार नाही म्हणजे नाही!’ ऐका. आवाज कुणी सांगितल्याशिवाय चढलाय.

गोधड्याही याच प्रवेशासाठी आहेत. उघड्या फलाटावर बोलणं खोलीच्या भिंतींवरून परत येत नाही. बोलण्यामागे चार भिंतींचा घुमारा राहिला, तर वर कितीही गाड्या मिसळा, श्रोत्याला ती खोलीच ऐकू येते. स्वयंपाकघराच्या प्रवेशाला याच गोधड्या काढल्या जातील.

[दृश्य: संगणकाचा पडदा. एकाखाली एक ध्वनिपट्ट्या.]

निवेदन:
आता तो दृश्यबदल. सिनेमात चित्र बदललं की जागा बदलते. श्रुतिकेत आवाज थांबला, तर श्रोत्याला वाटतं फोनच बंद पडला. मध्ये संगीताचा तुकडा टाकता येतो, पण प्रत्येक बदलाला तोच उपाय केला की कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

दिग्दर्शिकेने आधी कुकरची शिट्टी घेतली होती. लोकलचा भोंगा विरतो आणि त्यातूनच शिट्टी उठते. कल्पना सुरेख होती. संहिता न वाचलेल्या एका शेजाऱ्याला तिने ते ऐकवलं, तर तो म्हणाला, ‘दुसरी गाडी आली का?’ फलाट अजून कानात असताना शिट्टी गाडीचीच वाटणार. आधी शिरणारा आवाज दुसऱ्या जागेशिवाय कुठलाच असू शकत नाही, असा हवा.

म्हणून आता तिथं फोडणी आहे. गाडी सुटते, तिचा आवाज तीन सेकंदांत उतरत जातो. तो पुरता संपण्याआधी मोहरी तडतडते आणि कढईत ‘चर्र’ होतं. फोडणीचा आवाज गाडीच्या खडखडाटासारखाच भरगच्च असतो, त्यामुळे गाडी नेमकी कुठे संपली हे कळत नाही.

पण हाच भरगच्चपणा पुढच्या वाक्याच्या मुळावर येतो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं चर्र आवाजात बुडतात. म्हणून आजी लगेच बोलत नाही. आधी झाकण पडतं, फोडणी दबते, मग ती विचारते, ‘आलीस? आणि हे कुठं राहिले?’ आपण घरात आलो हे कुणालाच सांगावं लागत नाही.

[दृश्य: टेबलावर साधा मोबाईल. त्यातून श्रुतिका वाजते.]

निवेदन:
शेवटची तपासणी मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर. बरेच श्रोते श्रुतिका त्यावरच ऐकतील. हेडफोनमध्ये गाडीची जमीन हलवणारी घरघर होती, ती इथं गायब आहे. छोट्या स्पीकरला तेवढा खालचा स्वर पेलत नाही. उरलाय फक्त गर्दीचा गलबला, आणि तो बाजारातलाही असू शकतो.

घरघर वाढवून उपयोग नाही. दिग्दर्शिका गाडी थांबतानाची ब्रेकची किरकिर पुढे आणते. तो वरचा स्वर मोबाईलवरही टोचतो. उद्घोषणा मात्र ती संवादांच्या मधल्या जागेत सरकवते, कारण बोलण्यावर बोलणं आलं की कान दोन्हीकडे ओढला जातो आणि वादातला नेमका शब्द निसटतो. मग आजोबांचा नकार आणि गाडीचं सुटणं यांच्यामध्ये ती अर्धा सेकंद मोकळा ठेवते आणि शेजाऱ्याला पुन्हा बोलावते.