कागदाचा साठा आणि त्याचा खरा खर्च

हिशेबासाठी एक लहान ऑफसेट छापखाना घेऊ. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले ही त्याची कामे. वर्षाला १,२०० रीम कागद लागतो आणि एका रीमचा रोखीचा भाव १,००० रुपये आहे. मालक दर तीन महिन्यांनी ३०० रीम मागवतो, कारण टेंपो वारंवार बोलावणे त्याला महाग वाटते. हे खरोखर महाग आहे का, हे ठरवण्यासाठी दोन आकडे लागतात: एक मागणी नोंदवण्याचा खर्च आणि एक रीम वर्षभर बाळगण्याचा खर्च. एका वेळी किती रीम मागवाव्यात याचे सूत्र सोपे आहे आणि १९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी ते मांडल्यापासून बदललेले नाही. चूक होते ती या दोन आकड्यांत काय घालायचे आणि काय वगळायचे, यात.

मागणीच्या खर्चापासून सुरुवात करू. टेंपोचे भाडे फेरीला ६०० रुपये आहे, मग त्यात ५० रीम असोत वा ३००. माल उतरवून मोजून घेताना छपाई थांबते आणि ते काम संध्याकाळी जादा वेळ देऊन पुरे करावे लागते, त्याचे २०० रुपये. एकूण ८०० रुपये झाले. हमाली मात्र रीमवर ठरते, म्हणून ती कागदाच्या भावातच जाते. मागण्या कितीही केल्या तरी वर्षाची हमाली तेवढीच राहते.

येथे एक मोह होतो. हिशेबनिसाला महिन्याला १५,००० रुपये मिळतात आणि त्याचा पाचवा हिस्सा वेळ खरेदीत जातो, असे धरून वर्षाचे ३६,००० रुपये चार मागण्यांवर वाटले, तर प्रत्येक मागणीवर ९,००० रुपये चढतात आणि ८०० चे ९,८०० होतात. कागदावर हे शास्त्रशुद्ध दिसते, पण मागण्या चारावरून तीनवर आल्या तर त्याचा पगार कमी होणार आहे का? होणार नसेल, तर ती रक्कम या आकड्यात बसत नाही. प्रत्येक खर्चाला हाच प्रश्न विचारावा: मागण्यांची संख्या बदलली तर वर्षाअखेरीस खिशातून जाणारी रक्कम बदलेल का?

बाळगण्याच्या खर्चालाही हीच कसोटी लागते. गोदाम स्वतःचे असून अर्धे रिकामे असेल, तर जागेचा खर्च शून्य धरावा. साठा वाढून शेजारची खोली भाड्याने घ्यावी लागली, की त्या दिवसापासून ते भाडे खरे होते. विम्याचा हप्ता साठ्याबरोबर हलत नसेल, तर तोही शून्य. पैशाचे मात्र तसे नाही. मालक बँकेच्या कॅश क्रेडिटवर बारा टक्के व्याज भरत असेल, तर वर्षभर पडून राहिलेली रीम १२० रुपये खाते. कागद तीस दिवसांच्या उधारीवर मिळतो म्हणून हे व्याज सोडून देण्याआधी दोन्ही भाव विचारावेत. उधारीचा १,०१५ आणि रोखीचा १,००० असेल, तर ते पंधरा रुपये म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांहून अधिक व्याज झाले.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे खराबी. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा लहरतात, यंत्रात दोन-दोन पाने ओढली जातात आणि रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. याचा अंदाज मनाने करू नये. वर्षभर बाद झालेल्या रीम एका वहीत नोंदवाव्यात आणि दर महिनाअखेरीस साठा मोजावा. सरासरी साठा १५० रीम असताना पाच रीम बाद झाल्या आणि रद्दीचे पैसे वजा जाता प्रत्येकीमागे ९०० रुपये बुडाले, तर नुकसान ४,५०० रुपयांचे, म्हणजे साठ्यातील प्रत्येक रीममागे ३० रुपये. व्याजासह आकडा १५० रुपये होतो.

आता सूत्र लावू. वर्षाची गरज दुप्पट करावी, ८०० ने गुणावी, १५० ने भागावी आणि वर्गमूळ काढावे. उत्तर सुमारे ११३ रीम येते. सोयीसाठी दरमहा १०० मागवल्या तर टेंपो आणि जादा वेळ मिळून ९,६०० रुपये, आणि सरासरी ५० रीम बाळगण्याचे ७,५०० रुपये, असे १७,१०० रुपये होतात. आजच्या पद्धतीत हाच खर्च २५,७०० आहे. पगार मिसळलेला ९,८०० चा आकडा वापरला असता, तर सूत्राने सुमारे ४०० रीम सांगितल्या असत्या आणि खरा खर्च ३२,४०० वर गेला असता.

बारीक चुकांची मात्र फार धास्ती घेऊ नये. बाळगण्याचा खर्च प्रत्यक्षात १५० ऐवजी ३०० निघाला, तरी ११३ रीम मागवल्याने वर्षाचा खर्च शक्य तेवढ्या कमीपेक्षा सुमारे सहा टक्केच जास्त होतो. म्हणून व्याज अकरा टक्के की तेरा, यावर वेळ घालवण्यापेक्षा पगार आणि स्वतःच्या जागेच्या खर्चासारखे चुकीचे खर्च बाहेर काढणे अधिक मोलाचे आहे. ३० रुपयांची खराबी ही वर्षाची सरासरी आहे. वहीत बहुतेक बाद रीम जुलै ते सप्टेंबरमधल्या दिसत असतील, तर त्या तीन महिन्यांसाठी खराबीचा दर वेगळा काढावा आणि तेव्हाची मागणी १०० पेक्षा लहान ठेवावी.