‘घरीच होते’च्या पुढे

(पुण्यातील एका वाचक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि त्यातली दहा प्रास्ताविकात गेली. विषय छोटा आहे. डेटिंग अ‍ॅपवर मॅच झाली, दोन दिवस बोलणं झालं, सोमवारी तुम्ही विचारलंत, ‘वीकेंड कसा गेला?’ पलीकडून आलं, ‘काही विशेष नाही, घरीच होते.’ आता पुढे काय लिहायचं?

त्याआधी माझं एक जुनं दुखणं सांगते. मी दोन वर्षं या अ‍ॅपवर होते. एका रविवारी मी फ्रिज साफ केला आणि मागच्या कोपऱ्यात आजीच्या हातच्या लोणच्याची बाटली सापडली. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. एका गृहस्थांनी वीकेंडबद्दल विचारलं, तेव्हा मी हे जसंच्या तसं लिहिलं. उत्तर आलं, ‘अरे वा! छान. मग, अजून काय?’ माणूस वाईट नव्हता हो. शुद्धलेखन उत्तम, पूर्णविरामसुद्धा द्यायचा. पण मी आजी वाढली आणि त्याने ‘अजून काय’ म्हणून ताट पुढे सरकवलं. (सभागृहातून : कसलं लोणचं होतं?) बघा! तुम्ही विचारलंत. लिंबाचं, गोड. त्या गृहस्थांना एवढंच सुचलं असतं तर आज मी इथे व्याख्यान देत नसते.

अर्थात आपल्याकडे ही खोड जुनीच आहे. कांदेपोह्यांच्या बैठकीत ‘आवड कशाची?’ ‘वाचनाची.’ ‘अरे वा!’ आणि मग सगळे पोह्यांकडे बघत बसायचे. काय वाचता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. उत्तराची भीती वाटत असेल.

उत्तर देणाऱ्यांची दुसरी जात याहून दांडगी. तुम्ही ‘घरीच होते’ म्हणालात की ‘मी तर हरिश्चंद्रगडावर होतो’ म्हणून सात फोटो. चार्ल्स डर्बर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 साली या सवयीची फोड करून दाखवली : एक उत्तर बोलणं समोरच्याकडेच ठेवतं, दुसरं ते हळूच स्वतःकडे ओढून घेतं. ‘मी पण’ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य एकदा तपासून बघा. पण याचा अतिरेकही नको. नुसते प्रश्नच विचारत राहिलात तर ती मुलाखत होते, आणि पगार कुणी देत नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. म्हणजे जे सांगायला बोलावलंत ते आता घाईने.

समजा तिने लिहिलं, ‘काही विशेष नाही. शनिवारी कपडे धुतले, रविवारी आईबरोबर मंडईत.’ यात दोन गोष्टी आहेत, त्यातली एकच उचला. कपडे सोडा, मंडई घ्या, कारण तिथे माणसं आहेत. ‘मंडईत काय घेतलं?’ असं विचारलंत तर उत्तर येईल, ‘भाजी.’ संपलं. त्याऐवजी अंदाज बांधा : ‘म्हणजे पिशव्या तुझ्याकडे आणि भाव करणं आईकडे?’ अंदाज बरोबर आला तर ती हसेल. चुकला तर आणखी चांगलं, कारण चूक दुरुस्त केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. ‘उलट! आई लाजते. काल कोथिंबिरीच्या जुडीसाठी मीच पाच मिनिटं भांडले.’

आता गोष्ट सुरू झाली आहे, तेव्हा मध्ये पडू नका. ‘मग? कोण जिंकलं?’ एवढंच. तिचं सांगून झालं की तुमचं थोडं, आणि तेही हार झालेलं : ‘मला मेथी आणायला पाठवलं होतं, मी शेपू घेऊन आलो.’ इथे प्रश्नचिन्ह लागत नाही. शेपू हा विषयच असा आहे की मराठी माणूस गप्प बसूच शकत नाही. घरोघरी त्यावरून दोन तट आहेत.

‘कुठली मंडई? घरी कोण कोण असतं?’ हे मात्र इतक्यात नको. तुम्हाला ते सहज वाटतं, अनोळखी मुलीला ती चौकशी वाटते.

आणि तिने फक्त ‘घरीच’ लिहिलं, उचलायला काहीच नाही, तर आधी आपली एखादी क्षुल्लक गोष्ट ठेवा. ‘मी रविवारी पंखा पुसायला चढलो आणि अर्धा पुसून उतरलो.’ तिला वाटलं तर ती त्यात भर घालेल. उत्तरात एखादी नवी वस्तू, नवं माणूस किंवा उलट प्रश्न आला, तर बोलणं चालू आहे असं समजा. दोनदा नुसतं ‘हाहा’ आलं, तर तिसरा अंदाज बांधू नका. ती दमली असेल किंवा तिला तुमच्यात रस नसेल. दोन्हीत करायचं एकच, फोन ठेवायचा. उरलेला पंखा पुसून घ्या.