तिसऱ्या रनिंग बिलाचा चेक कितीचा?

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याच्या जागी तीन मजली बिल्डिंग उभी राहतेय. काँक्रीटचा ठेका एकाकडे आहे, वीटकाम आणि प्लास्टर दुसऱ्याकडे. या दुसऱ्याने आज तिसरं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने मागायच्या पैशांचं बिल, टाकलंय आणि बिलिंग बघणाऱ्या ताई टेप घेऊन वरच्या मजल्यावर आल्यात, सोबत ठेकेदाराचा माणूस, कारण माप दोघांनी मिळूनच घ्यायचं असतं, नाहीतर नंतर वाद ठरलेला.

ही भिंत बघा. लांबी ६ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे एका बाजूला १८ चौरस मीटर आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून ३६. आता त्यात दार आहे २.१० चौरस मीटरचं आणि खिडकी १.८० ची. ठेकेदाराचा माणूस म्हणतो काहीच वजा करू नका, मालक म्हणतो दोन्ही बाजूंनी करा, पण भारतीय मानकातला मोजणीचा नियम मधला आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक सोडून द्यायचं, अर्धा ते ३ मधलं असेल आणि दोन्ही बाजूंना तेच प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, कारण दाराखिडकीच्या आतल्या कडांनाही गवंड्याने प्लास्टर केलेलं असतं आणि ते वेगळं मोजत नाहीत. म्हणजे ३६ मधून ३.९० गेले, राहिले ३२.१०. मेजरमेंट बुकात हेच चढतं, आणि आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही, एक रेघ मारून वर बरोबर लिहायचं आणि सही करायची.

खरी गंमत मात्र ऑफिसात आल्यावर. रनिंग बिलात फक्त या महिन्याचं काम लिहीत नाहीत, सुरुवातीपासून आजपर्यंतचं सगळं लिहितात आणि त्यातून मागचं वजा करतात. का, ते वीटकामात दिसतं. मागच्या बिलापर्यंत वीटकाम ७४ घनमीटर धरलं होतं. आज तपासताना ताईंच्या लक्षात आलं की तळमजल्याच्या भिंतींतून लिंटेल लेव्हलला, म्हणजे दाराखिडक्यांच्या लगेच वर, जो काँक्रीटचा बँड फिरतो, ५८ मीटर लांब, २३ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, तो वजाच झाला नव्हता. तो भरतो २ घनमीटर, आणि त्याचे पैसे काँक्रीटवाल्याच्या बिलात आधीच गेलेत.

"दादा, बँड विटांमध्ये मोजला गेलाय."
"मग मागचं बिल बदलायचं का?"
"नाही हो, आजच्या टोटलमध्येच दुरुस्त होतं."

मागचं काम दुरुस्त करून ७२, नवीन २४, आजपर्यंतचं ९६ घनमीटर. मागे दिलेलं ७४ वजा केलं की २२ उरतात. जुन्या बिलाला हात न लावता जास्त गेलेले पैसे परत आले.

आता रेट लावू. वीटकाम ९६ गुणिले ६,५०० म्हणजे ६,२४,०००. प्लास्टर आजपर्यंत १,१५० चौरस मीटर, ३२० च्या रेटने ३,६८,०००. बेरीज ९,९२,०००. मागच्या बिलापर्यंतची अशीच बेरीज होती ६,४१,०००. म्हणजे या बिलाचं काम ३,५१,००० चं.

इथे एक मोठी चूक होते आणि ती मी बऱ्याच साइटवर बघितलीय. अकाउंटवाला बँकेचं पासबुक उघडतो आणि ९,९२,००० मधून आधी प्रत्यक्ष दिलेले पैसे वजा करतो. जीएसटी बाजूला ठेवला तर तो आकडा आहे ६,०२,५४०, कारण ५ टक्के रिटेन्शनचे, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवायचे, ३२,०५० आणि १ टक्का टीडीएसचे ६,४१० तेव्हाच कापले होते. हे केलं की कापलेले ३८,४६० रुपये गुपचूप ठेकेदाराला परत जातात, आणि टीडीएस तर सरकारकडे भरूनही झालेला असतो. म्हणून कामाच्या किमतीतून कामाचीच किंमत वजा करायची, चेकची रक्कम नाही. ओळखायची सोपी खूण अशी की या बिलाची क्वांटिटी गुणिले रेट वेगळं करून बघा, २२ चे १,४३,००० आणि प्लास्टरच्या ६५० चे २,०८,०००, बेरीज ३,५१,००० च यायला हवी.

पुढचं पटकन होतं. या ठेक्यात जीएसटी वेगळा आहे, १८ टक्क्यांनी ६३,१८०, मिळून ४,१४,१८०. रिटेन्शन ३,५१,००० वर ५ टक्के, १७,५५०. ठेकेदार एकटा मालक आहे म्हणून टीडीएस १ टक्का, ३,५१०, तोही जीएसटी सोडून. चेक निघाला ३,९३,१२० चा.

ताई शेवटी रजिस्टरमध्ये दोन आकडे उतरवतात. रिटेन्शन आजपर्यंत ४९,६००, आणि कामाची किंमत आजपर्यंत ९,९२,०००. चौथ्या बिलात हाच आकडा मागच्या कॉलममध्ये बसणार.