डिग्री नाही, सुई चालते का? कॅलिफोर्नियातलं फ्लेबोटॉमी सर्टिफिकेट

पहाटेचे साडेचार वाजलेत. हॉस्पिटलच्या वॉर्डात एक फ्लेबोटॉमी टेक्निशियन, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढणारी, ट्रॉली घेऊन खोलीमागून खोली फिरतेय, कारण डॉक्टरांचा राउंड सुरू व्हायच्या आत रिपोर्ट आलेले हवेत. हिच्याकडे मेडिकलची डिग्री नाही, नर्सिंगची पण नाही. तरी ती इथे नोकरीला आहे, आणि अगदी कायदेशीर.

अमेरिकेत आलेल्या आपल्या बऱ्याच बायका, विशेषतः एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या आणि ईएडी म्हणजे कामाची परवानगी हातात आलेल्या, हाच प्रश्न विचारतात की दोन-चार महिन्यांचा कोर्स केला तर हॉस्पिटल घेईल का. उत्तर आहे हो, पण कोर्सचा कागद म्हणजे परवाना नव्हे, आणि घोळ इथेच होतो.

बहुतेक राज्यांत रक्त काढायला सरकारी लायसन्स लागतच नाही. न्यू जर्सीत नाही, टेक्ससमध्ये नाही. तिथे काय मागायचं ते हॉस्पिटल ठरवतं, आणि सहसा एखादी राष्ट्रीय परीक्षा पास असावी अशी अपेक्षा असते. कॅलिफोर्निया, लुईझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या चार राज्यांत मात्र राज्याचा कागद लागतो.

आता समजा, पुण्याहून सनीवेलला आलेली एक ताई आहे, शिक्षण बीकॉम. तिच्या बीकॉमला इथे कोणी विचारत नाही, पण बारावी झाल्याचा पुरावा लागतो आणि बाहेरच्या देशातलं शिक्षण असलं की आधी त्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मग राज्याच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या शाळेत ४० तासांची थिअरी, त्यानंतर निदान ४० तास प्रत्यक्ष काम. त्यात जिवंत माणसाच्या शिरेतून ५० वेळा रक्त काढायचं आणि बोटाला टोचून १० वेळा. प्लॅस्टिकच्या हातावरचा सराव यात धरत नाहीत, म्हणून "सगळं ऑनलाइन, घरबसल्या" अशी जाहिरात दिसली की आधी विचारायचं, हे ५० टोचे कुठे मिळणार? क्लिनिकमधली जागा शाळाच मिळवून देते का, आणि थिअरी संपल्यावर किती आठवडे थांबावं लागतं? पैसे भरायच्या आधीच हे लेखी घ्या बाई, कारण खरी रांग तिथेच लागते.

मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याकडे अर्ज, आणि मग हातात येतं सीपीटी-वन, म्हणजे रक्त काढायचं राज्याचं सर्टिफिकेट. नोकरीच्या जाहिरातीत हेच नाव असतं आणि हॉस्पिटल तेच तपासतं.

तरीपण लगेच नोकरी मिळतेच असं नाही हं. जाहिरातीत खाली लिहिलेलं असतं, एक वर्षाचा अनुभव. मग नवीन माणसं आधी प्लाझ्मा सेंटर, रक्तपेढी किंवा खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरला लागतात, नाहीतर हॉस्पिटलमध्ये रात्रीची किंवा गरजेपुरती बोलावण्याची ड्युटी घेतात.

आणि मुलाखतीत टेक्निशियनची पारख कशावरून करतात माहितीये? ट्यूबच्या क्रमावरून. निळ्या झाकणाची आधी, मग सोनेरी, हिरवी, त्यानंतर जांभळी. जांभळीत रक्त गोठू न देणारं पोटॅशियमवालं ईडीटीए असतं, ती आधी भरली आणि त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पेशंटचं पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजाराच्या मागे लागतात. दुसरं म्हणजे ओळख. "तुम्ही मिसेस अमुक ना?" असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला पेशंट कशालाही हो म्हणतो. नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून सांगायला लावायची, हातातल्या पट्टीशी जुळवायची, आणि लेबल तिथेच बेडपाशी लावायचं.

हॉस्पिटलातलं दुसरं पद म्हणजे पेशंट केअर टेक्निशियन, थोडक्यात पीसीटी, त्याचं गणित जरा वेगळं आहे. या नावाचं राज्याचं लायसन्स नसतं, हे हॉस्पिटलने दिलेलं पद आहे. अंघोळ घालणं, कूस बदलणं, बीपी-शुगर बघणं, काही ठिकाणी ईसीजी आणि रक्त काढणंही. म्हणून सहसा सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा दाखला मागतात, आणि सोबत बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड. सीएनएसाठी कॅलिफोर्नियात ६० तास थिअरी आणि १०० तास क्लिनिकल, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा किमान नियम ७५ तासांचा आहे. नुसतं "पीसीटी सर्टिफिकेट" घेऊन गेलात आणि त्यात सीएनए नसेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज पुढेच सरकत नाही.

त्यामुळे कोर्स निवडायच्या आधी ज्या हॉस्पिटलात जायचंय त्यांच्या नोकरीच्या पानावर जाऊन त्या पदाच्या चार-पाच जाहिराती वाचून घ्या, सीएनए पाहिजे की सीपीटी-वन की दोन्ही, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.